बरणीवर नफा दिसतो, सिझन संपला की गल्ला रिकामा: ओव्हरहेडच्या वाटपातला घोळ कसा शोधायचा

दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, आंबा संपून पावसाने जोर धरला की मला देवगडकडच्या एका फळप्रक्रिया युनिटमधून फोन येतो. मालक आमचे लांबचे नातेवाईक, मी त्यांना दादा म्हणतो. प्रश्न दर वर्षी तोच, की "अरे, तुझ्या शीटवर सगळ्यात जास्त नफा बरण्यांवर, म्हणून आम्ही बरण्या वाढवल्या, मग पैसे गेले कुठे?" पहिल्या वर्षी मी उधारी बघितली, दुसऱ्या वर्षी स्टॉक मोजला, एकदा तर फळाच्या वजनात कोण मारतंय का ते पण बघून झालं. काहीच सापडलं नाही कारण चोरी नव्हतीच, घोळ माझ्याच शीटमधे होता. ज्यांच्याकडे एक मोठा माल आणि एक छोटा नखरेल माल असे दोन्ही आहेत त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय. आकडे सोयीसाठी गोल केलेत पण हिशोब अगदी तसाच आहे.

युनिटमधे दोन माल. एक, हापूसच्या पल्पचा ८५० ग्रॅमचा डबा, सिझनला ४०,००० डबे. दुसरा, २०० ग्रॅमच्या जॅमच्या बरण्या, आंबा, फणस, करवंद, जांभूळ आणि कोकम अशा पाच चवींच्या, मिळून ८,००० बरण्या, ज्या मालवण तारकर्लीची होमस्टे, हायवेवरची दुकानं आणि मुंबईचे सुटे गिऱ्हाईक घेतात. डब्याला फळ, डबा, लेबल धरून माल १०१ रुपये आणि मजुरी ९ रुपये, म्हणजे ११०. बरणीला माल ३८ आणि मजुरी १५, म्हणजे ५३. डबा विकला जातो १४० ला, बरणी ११५ ला. इथपर्यंत भांडण नाही, हे खर्च समोर दिसतात.

भांडण ओव्हरहेडचं. बॉयलरचं जळण, वीज, यंत्रांचा घसारा, केमिस्टचा पगार, सुपरवायझर, धुण्यापुसण्याची माणसं, ऑर्डरी घेणारी मुलगी, कुरिअरची पळापळ असं सगळं मिळून सिझनला १२,००,००० रुपये. मी काय करायचो, तर सगळे करतात तेच. मजुरीचे तास काढायचे, डब्याला ६,००० तास आणि बरणीला २,००० तास, एकूण ८,०००. १२ लाख भागिले ८,००० म्हणजे तासाला १५० रुपये. एका डब्याला ०.१५ तास लागतो म्हणून २२.५० रुपये ओव्हरहेड, बरणीला पाव तास म्हणून ३७.५०. झालं. डबा पडला १३२.५० ला, सुटले ७.५० रुपये. बरणी पडली ९०.५० ला, सुटले २४.५० रुपये. हे बघून कोण डब्याच्या मागे लागेल? दादांनी पण लावलं ना डोकं, ३,००० बरण्यांवरून एकदम ८,००० वर गेले.

संशय कुठे यायला हवा होता

खरी खूण शीटच्या बाहेर होती. आदल्या सिझनला डबे ४०,००० च होते, बरण्या ३,०००, भाव जवळपास तेच, आणि शेवटी उरले होते ५,८६,००० रुपये. ह्या सिझनला उरले ४,९६,०००. म्हणजे ५,००० बरण्या जास्त विकून ९०,००० रुपये कमी. प्रत्येक जादा बरणी माल-मजुरी वजा जाता ६२ रुपये आणत होती, म्हणजे ३,१०,००० आले, पण ओव्हरहेड ८ लाखावरून १२ लाखावर गेलं, चार लाख वाढ. आता ही वाढ डब्यांमुळे होणं शक्य नाही, डबे होते तेवढेच आहेत. पण माझं शीट त्या १२ लाखातले ९ लाख डब्यांच्याच नावावर टाकत होतं कारण तास डब्यांचे जास्त.

अजून दोन खुणा होत्या ज्या मी हसण्यावारी नेल्या. डब्याच्या भावावर व्यापारी रुपया रुपयासाठी घासाघीस करायचे आणि शेजारचा एक कारखाना १३५ ला डबा देऊन पण मजेत होता, आम्हाला वाटायचं हा मरणार, तो काही मेला नाही. आणि बरणीच्या भावावर मात्र कोणी चकार शब्द काढायचं नाही, उलट "अजून दोन चवी करा ना" म्हणायचे. ज्या मालावर तुम्हाला भरपूर सुटतं असं वाटतंय आणि तरी बाजारात तुमच्या भावाच्या खाली कोणी येत नाही, तिथे एकदा थांबून बघायला हवं.

पहिला उपाय, जो चालला नाही

मला वाटलं मजुरीचे तास हा आधार जुना झाला, यंत्राचे तास घेऊ. बॉयलरची वही होती, डब्यांसाठी ३०० तास आणि बरण्यांसाठी १२०. १२ लाख भागिले ४२०, तासाला साधारण २,८५७ रुपये. डब्याला आले २१.४३ आणि बरणीला ४२.८६. बरणी अजून पण १९ रुपये नफ्यात! बहुतेक जण इथेच थांबतात आणि म्हणतात की बघा, दोन पद्धतींनी तपासलं, बरणी चांगलीच आहे. पण ह्या दोन वेगळ्या पद्धती नाहीतच. मजुरीचे तास घ्या, यंत्राचे तास घ्या नाहीतर नुसते नग घ्या, हे सगळे आधार माल जेवढा जास्त काढाल तेवढे वाढतात. आणि आमचा निम्म्याहून जास्त खर्च नगांबरोबर वाढतच नव्हता.

मग वाढत कशाने होता? हे मला ऑफिसात बसून नाही कळलं. धुण्याच्या हौदापाशी एक मावशी वीसेक वर्षं काम करतायत, त्यांना सहज विचारलं की बरणीच्या दिवशी काय काय होतं. त्या म्हणाल्या, "बरण्यांचो दिवस म्हणजे धुवूचोच दिवस." खरंच आहे ते. डब्याचा एक घाणा २,००० डब्यांचा, एकदा कढई धुतली, वाफ चढवली, नमुना तपासला की दोन दिवस तेच चालू. बरणीचा घाणा २०० नगांचा. सकाळी करवंद, दुपारी फणस, आणि फणसानंतर कढई तीनदा धुतल्याशिवाय वास जात नाही, नाहीतर पुढच्या कोकमाला पण फणसाचा वास. प्रत्येक घाण्याला केमिस्ट ब्रिक्स बघणार, पीएच बघणार, झाकणाचं सील बघणार, मग नग दोनशे असोत की दोन हजार. घाणा छोटा आहे म्हणून कढई अर्धीच धुवायची असं होत नाही.

मग खर्च कामांप्रमाणे वाटला

ह्यालाच अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग म्हणतात, कूपर आणि कॅपलन ह्या हार्वर्डच्या दोन प्राध्यापकांनी १९८० च्या दशकात हे मांडून गाजवलं. नाव भारदस्त आहे, करायचं एवढंच की खर्च आधी कामांवर टाकायचा आणि मग ते काम कोणत्या मालाने किती वेळा करायला लावलं ते मोजून मालावर टाकायचा. मोजायच्या त्या गोष्टीला ड्रायव्हर म्हणतात.

आधी मी नऊ कामं काढली होती, धुणं वेगळं, तपासणी वेगळी, वाफ चढवणं वेगळं असं. नंतर लक्षात आलं की धुणं आणि तपासणी दोन्ही घाण्यामागे एकेकदाच होतात, दोन्हीची वाटणी सारखीच पडते, मग दोन खाती कशाला. एकत्र केली. शेवटी तीनच राहिली.

पहिलं, घाण्याची तयारी आणि तपासणी, ५,४०,००० रुपये. घाणे डब्यांचे २०, बरण्यांचे ४०, एकूण ६०, म्हणजे एका घाण्याला ९,००० रुपये. दुसरं, ऑर्डर घेणं, बांधणं, पाठवणं, २,४०,००० रुपये. डब्यांच्या ऑर्डरी ३०, सगळ्या टेम्पोच्या, आणि बरण्यांच्या २७०, त्यात बारा बारा बरण्यांच्या पण आल्या, एकूण ३००, म्हणजे ऑर्डरला ८०० रुपये. तिसरं, बॉयलर आणि यंत्रं चालवणं, ४,२०,००० रुपये भागिले ४२० तास, तासाला १,०००. ह्या तिसऱ्या खात्याला तास हाच बरोबर आधार आहे, जळण खरंच तासाने जळतं. म्हणजे तासांची जुनी पद्धत सगळीच चूक नाही, ती सगळ्या १२ लाखाला लावणं चूक.

आता बरणीच्या वाट्याला काय आलं बघा. ४० घाण्यांचे ३,६०,०००, २७० ऑर्डरींचे २,१६,०००, १२० तासांचे १,२०,०००, एकूण ६,९६,०००, भागिले ८,००० म्हणजे एका बरणीला ८७ रुपये. डब्याला १,८०,००० अधिक २४,००० अधिक ३,००,०००, म्हणजे ५,०४,०००, भागिले ४०,०००, डब्याला १२.६० रुपये. शीटमधे करायचं असेल तर दर B2 ते B4 मधे, बरणीच्या मोजण्या D2 ते D4 मधे आणि नग D5 मधे टाका:

```
=SUMPRODUCT($B$2:$B$4, D2:D4)/D5
```

समोरासमोर ठेवलं की असं दिसतं:

| | डबा, तासांनी | डबा, कामांनी | बरणी, तासांनी | बरणी, कामांनी |
|---|---|---|---|---|
| माल आणि मजुरी | ११०.०० | ११०.०० | ५३.०० | ५३.०० |
| ओव्हरहेड | २२.५० | १२.६० | ३७.५० | ८७.०० |
| पडतर | १३२.५० | १२२.६० | ९०.५० | १४०.०० |
| विक्री | १४०.०० | १४०.०० | ११५.०० | ११५.०० |
| सुटले | ७.५० | १७.४० | २४.५० | उणे २५.०० |

दादांना हे दाखवलं तेव्हा पाच मिनिटं कोणी बोललं नाही, वहिनींनी तेवढ्यात कोकम सरबत आणलं आणि म्हणाल्या, "मी सांगत होते." असो.

पडताळा एकच आणि तो चुकवू नका, एकूण नफा दोन्हीकडे सारखाच यायला पाहिजे. जुन्या पद्धतीने डब्यांवर ३,००,००० आणि बरण्यांवर १,९६,०००, बेरीज ४,९६,०००. नव्या पद्धतीने डब्यांवर ६,९६,००० आणि बरण्यांवर उणे २,००,०००, बेरीज परत ४,९६,०००. नवी पद्धत एक रुपया पण निर्माण करत नाही आणि घालवत पण नाही, फक्त ३,९६,००० रुपये डब्याच्या खात्यावरून उचलून बरणीच्या खात्यावर ठेवते. तुमची बेरीज जुळत नसेल तर बहुतेक दोन्हीकडे वेगवेगळा खर्च धरलाय. माझं पण झालेलं असं, शेडचं भाडं आणि वॉचमनचा पगार एका शीटमधे होता आणि दुसऱ्यात नव्हता. तो खर्च ना घाण्याने वाढतो ना ऑर्डरीने, शेड आहे म्हणून आहे, त्यामुळे मी तो दोन्ही शीटमधून काढून खाली वेगळा ठेवला. त्याला उगाच ड्रायव्हर चिकटवायला जाऊ नका.

ह्यातच अजून एक गोष्ट बघण्यासारखी आहे. तेच ३,९६,००० रुपये डब्यामागे ९.९० रुपयांनी हलले पण बरणीमागे ४९.५० रुपयांनी, कारण डबे बरण्यांच्या पाचपट आहेत. म्हणून हा घोळ डब्याच्या बाजूने बघितला तर कधी सापडत नाही, नऊ दहा रुपये इकडे तिकडे असं वाटतं. छोट्या मालाच्या बाजूने बघितलं की डोळे उघडतात.

तुमच्याकडे घोळ आहे का, हे पाच मिनिटात कळतं

सगळं शीट करायच्या आधी फक्त वाटे काढा. आमच्याकडे बरणीचा मजुरीच्या तासात वाटा २५ टक्के, पण घाण्यात ६७ टक्के आणि ऑर्डरीत ९० टक्के. जिथे हे वाटे एवढे लांब लांब आहेत आणि त्या कामांवरचा खर्च पण मोठा आहे, तिथे तासांची पद्धत खोटं बोलणार म्हणजे बोलणारच. उलट एका ओळखीच्यांचं नुसतं कोकम आगळाचं काम आहे, एक लिटर आणि अर्धा लिटर बाटली, घाणा एकच, गिऱ्हाईक तेच, फक्त शेवटी बाटली बदलते. तिथे मी हौसेने सगळं केलं आणि दोन्ही पद्धतींचं उत्तर रुपया दीड रुपयाच्या फरकाने सारखंच आलं. तिथे हा उपद्व्याप नको, एक दर पुरे.

मोजण्या कुठून आणायच्या? घाणे बॉयलरच्या आणि तपासणीच्या वहीतून, ऑर्डरी बिलांच्या नंबरवरून. अडचण येते ती पगार कामांवर वाटताना. सुपरवायझरला विचारलं की तुझा वेळ कुठे जातो तर तो १०० टक्के वेळ वाटून देतो, चहाचा आणि रिकामा बसलेला वेळ कोणीच सांगत नाही. मी दोन आठवडे मावशींच्याच पोरीला वहीत खुणा करायला लावल्या, दर तासाला कोण काय करतंय. तेवढ्यावर भागलं. अगदी पैशापर्यंत बरोबर येणार नाही, बरणी १४० ऐवजी १३२ येईल किंवा १४६ येईल, पण ९०.५० नक्की नाही हे कळायला तेवढं बास आहे.

आता इथे परत चुकू नका: बरणी बंद करायची का?

दादांचं पहिलं वाक्य, "उद्यापासून बरण्या बंद." मी म्हटलं थांबा. बरणीवर ८७ रुपये टाकलेत म्हणजे बरणी बंद केली की ८७ वाचतील असं नाही. बंद केल्यावर बरण्यांमधून येणारे ६२ गुणिले ८,०००, म्हणजे ४,९६,००० रुपये जाणार हे नक्की. मग एकेक खर्च घेऊन विचारलं की हा खरंच थांबेल का. जळण थांबेल, कुरिअरची पळापळ थांबेल, धुण्याची जादा माणसं घ्यावी लागणार नाहीत. पण केमिस्टचा पूर्ण सिझनचा करार आहे, बॉयलरवाला तसाच राहणार आणि बरण्या भरायचं नवीन यंत्र तर घेऊन झालंय, त्याचा घसारा काय परत येणार नाही. यादी करून जेमतेम ३,८०,००० वाचत होते. म्हणजे बरण्या एकदम बंद केल्या असत्या तर अजून १,१६,००० रुपयांचा खड्डा. खर्च वाढताना भराभर वाढतो, उतरताना मात्र बसून राहतो.

म्हणून बरणी ठेवली आणि तिची चाल बदलली. घाणा २०० वरून ४०० चा केला, कढईत तेवढी जागा होतीच. म्हणजे ४० ऐवजी २० घाणे, प्रत्येकी चार तास धरले तर ८० तास. आणि बारा बरण्यांची ऑर्डर बंद, होमस्टेवाल्यांना सांगितलं की तालुक्यातल्या एका दुकानातून उचला, त्यामुळे ऑर्डरी अंदाजे ९०. त्याच दरांनी १,८०,००० अधिक ७२,००० अधिक ८०,०००, म्हणजे ३,३२,०००, बरणीला ४१.५० रुपये. पडतर ९४.५० आणि सुटतात २०.५०. भाव तोच, चवी त्याच पाच.

ह्या आकड्यावर पण लगेच नाचायचं नाही. घाणे एकूण ६० वरून ४० वर आले, पण तयारी-तपासणीची तीच माणसं ठेवली तर ५,४०,००० खर्च होणारच. तेव्हा शीटमधे सवयीने ५,४०,००० भागिले ४० केलं की घाण्याचा दर ९,००० वरून १३,५०० होतो आणि डबा काहीही न बदलता सव्वादोन रुपयांनी महाग दिसायला लागतो. मग कोणीतरी डब्याचा भाव वाढवतं, डबे कमी विकले जातात, घाणे अजून कमी, दर अजून वर. त्यापेक्षा भागायचं ते जेवढे घाणे ती माणसं नीट करू शकतात त्याने, आमच्याकडे ६०. दर ९,००० च ठेवायचा, ४० घाण्यांचे ३,६०,००० मालावर टाकायचे आणि उरलेले १,८०,००० "न वापरलेली ताकद" म्हणून वेगळ्या ओळीत लिहायचे, कोणत्याच मालावर नाही. ती ओळ एकतर माणसं कमी घेऊन कमी होते नाहीतर दुसरं काम आणून.

दादा माणसं कमी करणार नाहीत, सगळी वाडीतलीच आहेत. सध्या त्या वीस घाण्यांत काय बसवायचं ह्यावर चर्चा चालू आहे, ते म्हणतायत फणसपोळी, वहिनी म्हणतायत आगळ. मी दोघांना एवढंच विचारलंय की एका घाण्यात किती नग निघतील आणि एका ऑर्डरीत किती जातील, ते सांगा मग शीट उघडतो.